'अपरिहार्य कारणास्तव' या शब्दांपलीकडे

उद्योग-व्यवसायाच्या पत्रव्यवहारात काही शब्दप्रयोग इतके रुळलेले असतात, की ते लिहिताना लेखणी थबकत नाही आणि वाचताना डोळाही थांबत नाही. 'काही अपरिहार्य कारणास्तव काम पूर्ण होण्यास विलंब होत आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत. काम लवकरात लवकर पूर्ण करून देऊ' हे वाक्य त्यांपैकीच एक. हे वाक्य सभ्य आहे, नम्र आहे. मात्र ज्याच्या हाती ते पडते त्याच्या काहीच उपयोगाचे नाही. कारण कोणते, विलंब किती दिवसांचा, काम आज कोठवर आले आहे आणि नवा दिवस कोणता, या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नसते. ग्राहकाला क्षमायाचनेपेक्षा तारीख हवी असते, आणि ती तारीख कशी काढली हे कळले तरच तिच्यावर त्याचा विश्वास बसतो. विलंबाचे पत्र हा शिष्टाचाराचा भाग नसून हिशेबाचा कागद आहे, हे ध्यानी घेतले तर त्याचे स्वरूप आपोआप बदलते.

हा मुद्दा एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. उदाहरण कल्पित आहे. परंतु लघुउद्योगांशी दैनंदिन संबंध असलेल्या कोणाही बँक अधिकाऱ्याला ते परिचयाचे वाटेल.

व्यवहार आणि त्याची घडी

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एक मराठी उद्योजक पोलादी प्लेटांपासून प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखालील द्रव वा वायू साठविण्याच्या टाक्या, तयार करतो. इंदूरच्या एका कारखान्याने त्याला 6 जानेवारी 2025 रोजी एका मोठ्या टाकीची मागणी नोंदविली. किंमत 48 लाख रुपये, मुदत 20 आठवडे; म्हणजे टाकी 26 मे रोजी इंदूरला पोहोचायची. उशीर झाल्यास प्रत्येक आठवड्यामागे किमतीच्या अर्धा टक्का, कमाल पाच टक्के कपात. ग्राहकाने 20 टक्के, म्हणजे 9 लाख 60 हजार रुपये, आगाऊ दिले आणि त्या रकमेपोटी उद्योजकाच्या बँकेने 30 जून 2025 पर्यंत मुदतीची बँक गॅरंटी दिली.

कामाची घडी सरळ होती. पहिल्या तीन आठवड्यांत नकाशे काढून 27 जानेवारीस ग्राहकाकडे पाठवायचे, त्याने दोन आठवड्यांत मंजूर करायचे. 10 फेब्रुवारीपासून चार आठवडे प्लेटा कापून, वाकवून टाकीचे नळकांडे तयार करायचे. तोवर दोन्ही टोकांची फुगीर झाकणे, ज्यांना कारखान्यात डिश एन्ड म्हणतात, बाहेरच्या पुरवठादाराकडून यायची. मग पाच आठवडे जोडकाम, दोन आठवडे जोडांची रेडिओग्राफी व दुरुस्ती, आणि त्यानंतर प्रत्येकी एक आठवडा भट्टीतील स्ट्रेस रिलीव्हिंग, पाण्याच्या दाबाची हायड्रोटेस्ट, रंगकाम आणि इंदूरपर्यंतची वाहतूक.

प्रत्यक्षात तीन गोष्टी घडल्या. ग्राहकाकडून नकाशे 10 फेब्रुवारीऐवजी 24 फेब्रुवारीस मंजूर होऊन आले; 14 दिवसांचा उशीर. प्लेटा 10 फेब्रुवारीऐवजी 20 फेब्रुवारीस आल्या. 10 दिवसांचा उशीर. डिश एन्डची जाडी नकाशावर ठरत असल्याने त्यांची मागणी 24 फेब्रुवारीस गेली. पुरवठादाराने चार आठवडे सांगितले, परंतु माल 24 मार्चऐवजी 7 एप्रिलला आला. आणखी 14 दिवस. 7 एप्रिलच्या सायंकाळी उद्योजकापुढे जोडकामाला सिद्ध असलेली टाकी होती आणि ग्राहकाला काय लिहावे हा प्रश्न होता.

कारणांची बेरीज आणि विलंबाचा हिशेब

बहुतेक जण येथे तिन्ही कारणे एकाखाली एक मांडतात. 14, 10 आणि 14 मिळून 38 दिवस. कारणे जितकी अधिक तितका दोष कमी, असा एक भाबडा समज त्यामागे असतो. मात्र ग्राहकाच्या लेखा विभागातील एखादा जाणकार अशी बेरीज चटकन पकडतो. प्लेटा 20 फेब्रुवारीस आल्या हे खरे. परंतु त्या 10 फेब्रुवारीस आल्या असत्या तरी नकाशे मंजूर होईपर्यंत, म्हणजे 24 तारखेपर्यंत, त्यांना हात लावता आला नसता. प्लेटांच्या उशिराने कामाचा एकही दिवस खाल्ला नाही. तो उशीर दुसऱ्या उशिराच्या सावलीत विरून गेला.

टाकी मूळ ठरावानुसार 10 मार्चला जोडकामाला सिद्ध व्हायची होती, ती 7 एप्रिलला झाली. म्हणजे काम 28 दिवस मागे आहे. जे कारण या 28 दिवसांत कोठेही बसत नाही, ते पत्रात घालू नये. एक खोटे ठरणारे कारण दोन खऱ्या कारणांचीही पत घालविते.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या 28 दिवसांपैकी कोणते कोणाचे? नकाशांचे 14 दिवस ग्राहकाचे आहेत, यात शंका नाही. डिश एन्डचे 14 दिवस मात्र उद्योजकाचे. पुरवठादार ग्राहकाने नव्हे, उद्योजकाने निवडला होता. 'पुरवठादाराने माल दिला नाही' ही हकिकत आहे, सबब नव्हे. भूकंप, पूर, सरकारी बंदी यांसारख्या करारात नमूद केलेल्या आपत्ती वेगळ्या. पुरवठादाराच्या दारात किती माल रांगेत आहे याची चौकशी न करणे आणि मुदत उलटून जाईपर्यंत तगादा न लावणे हे 'अपरिहार्य' या सदरात मोडत नाही.

पत्र लिहिण्याची योग्य वेळ

वस्तुतः पहिले पत्र 24 फेब्रुवारीलाच जायला हवे होते. 'नकाशे आज प्राप्त झाले. ठरल्या दिवसापेक्षा 14 दिवस उशिरा आल्यामुळे टाकी पोहोचण्याची तारीख 9 जून होत आहे, कृपया नोंद घ्यावी' एवढ्या दोन ओळी पुरेशा होत्या. त्या लिहिल्या गेल्या नाहीत, कारण ग्राहकाला त्याची चूक दाखवून देणे संकोचाचे वाटते. मात्र हाच संकोच पुढे महाग पडतो. घडले त्या दिवशी नोंदविलेला ग्राहकाकडील उशीर ही वस्तुस्थिती असते. तोच मे महिन्याच्या अखेरीस सांगितला की पळवाट वाटू लागतो.

दुसरे पत्र 24 मार्चला, म्हणजे डिश एन्ड ठरल्या दिवशी आले नाहीत त्या दिवशी, जायला हवे होते. ते आता एप्रिलमध्ये जात आहे. तरीही 8 एप्रिलचे पत्र 26 मेच्या पत्रापेक्षा कितीतरी पटींनी मोलाचे आहे. ग्राहकाने टाकी बसविण्यासाठी क्रेन ठरविलेली असते, पायाचे काम आखलेले असते, जोडणीची माणसे बोलावलेली असतात. सात आठवडे आधी कळले तर हे सारे पुढे सरकविता येते. आदल्या दिवशी कळले तर उभ्या क्रेनचे भाडे भरावे लागते, आणि त्याचा राग कोणत्याही दिलगिरीने शमत नाही.

नवी तारीख कशी काढावी

28 दिवस मागे पडलेले काम त्याच गतीने चालले तर टाकी 26 मेऐवजी 23 जूनला पोहोचेल. येथे उद्योजकाला मोह होतो तो 'दोन पाळ्यांत काम करून 2 जूनपर्यंत देतो' असे लिहिण्याचा. ग्राहकाला तेच ऐकायचे असते, आणि अप्रिय पत्र थोडे गोड करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुसरी पाळी नेमके काय वाचविते, हे टप्प्याटप्प्याने पाहिले पाहिजे.

ती केवळ जोडकामाचा वेळ वाचवू शकते. आणि तोही निम्मा नव्हे. एका जोडावर एकाच वेळी दोन वेल्डर बसू शकत नाहीत, दाबपात्रांसाठी चाचणी उत्तीर्ण झालेले वेल्डर मोजकेच असतात आणि टाकी फिरविण्याचे रोलर एकच असतात. अशा कारखान्यात पाच आठवड्यांचे काम चार आठवड्यांवर आले, तरी ते यशच म्हणायचे. पुढील टप्पे दुसऱ्याच्या हातात आहेत. भट्टी बाहेरची, रेडिओग्राफी करणारी संस्था बाहेरची, हायड्रोटेस्ट पाहणारा निरीक्षक ग्राहकाने नेमलेला. यांपैकी कोणाचाही आठवडा उद्योजकाच्या दुसऱ्या पाळीने लहान होत नाही.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो. जोडकाम 5 मेपर्यंत. रेडिओग्राफी व दुरुस्ती 19 मेपर्यंत. स्ट्रेस रिलीव्हिंग 26 मेपर्यंत. हायड्रोटेस्ट 2 जूनपर्यंत. रंगकाम 9 जूनपर्यंत. इंदूरला पोहोच 16 जून. दुसऱ्या पाळीने एकच आठवडा वाचला.

मग ग्राहकाला 16 जून सांगावे काय? नाही. हा हिशेब सर्व काही सुरळीत होईल असे गृहीत धरून केला आहे. रेडिओग्राफीत जोडामध्ये दोष आढळला तर तो भाग कोरून काढून पुन्हा जोडावा लागतो आणि पुन्हा तपासावा लागतो. हाच दोष भट्टीनंतर निघाला तर बहुधा भट्टीचे कामही पुन्हा करावे लागते. शिवाय जूनमध्ये हवेतील दमटपणा वाढतो, आणि ओलसर हवेत घासलेल्या पोलादावर रंग देता येत नाही. या दोन्ही शक्यतांसाठी सात दिवस राखून ठेवून 23 जून ही तारीख द्यावी, आणि हे सात दिवस कशासाठी ठेवले तेही उघड लिहावे. दुसरी पाळी चालवूनही तारीख 23 जूनच राहिली, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. ज्या 23 जूनमध्ये श्वास घेण्यापुरतीही जागा नव्हती, ती आता पाळता येण्याजोगी तारीख झाली आहे. पहिला विलंब ग्राहक समजून घेतो. दुसऱ्या विलंबानंतर तो दुसरा कारखानदार शोधू लागतो.

तारीख लिहिण्यापूर्वी आणखी एक काम उरते. भट्टीवाल्याकडे आणि तपासणी संस्थेकडे पूर्वी घेतलेल्या वेळा आता निरुपयोगी झाल्या आहेत. त्या दोघांकडून नव्या आठवड्यांची लेखी खात्री घेतल्यावाचून नवे वेळापत्रक म्हणजे केवळ इच्छा ठरते.

पत्राचा गाभा

वडोदऱ्याहून इंदूरला जाणारे हे पत्र प्रत्यक्षात हिंदीत वा इंग्रजीत लिहिले जाईल. त्याचा आशय मात्र असा असावा:

'आपल्या 6 जानेवारी 2025 च्या मागणीतील टाकी 26 मे रोजी आपल्याकडे पोहोचणार नाही. ती 23 जून 2025 रोजी पोहोचेल. या विलंबापैकी जो भाग आमच्याकडून घडला, त्याबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.

काम आज ठरावापेक्षा 28 दिवस मागे आहे. नकाशे 10 फेब्रुवारीऐवजी 24 फेब्रुवारीस मंजूर होऊन मिळाले, त्यात 14 दिवस गेले. याची नोंद आम्ही त्याच वेळी आपणांस द्यावयास हवी होती. उरलेले 14 दिवस डिश एन्ड उशिरा आल्याने गेले. तो पुरवठादार आम्ही निवडला होता. ही जबाबदारी आमची आहे.

नळकांडे तयार असून डिश एन्ड काल आले आहेत. आजपासून जोडकाम दोन पाळ्यांत सुरू केले आहे. पुढील टप्पे असे: जोडकाम पूर्ण 5 मे, रेडिओग्राफी 19 मे, स्ट्रेस रिलीव्हिंग 26 मे, हायड्रोटेस्ट 2 जून, रंगकाम 9 जून. या हिशेबाने टाकी 16 जूनला पोहोचू शकेल. तथापि जोडांची दुरुस्ती व दमट हवा यांसाठी सात दिवस राखून आम्ही 23 जून ही तारीख देत आहोत. कृपया आपली क्रेन व जोडणी त्याप्रमाणे ठरवावी. आपल्या निरीक्षकांनी हायड्रोटेस्टसाठी 28 मे ते 2 जून या काळातील एक दिवस राखून ठेवावा, ही विनंती.

मंजुरीतील 14 दिवसांपुरती मुदतवाढ कपातीविना मिळावी, अशी विनंती आहे. उर्वरित काळास करारातील अट लागू राहील. आगाऊ रकमेच्या बँक गॅरंटीची मुदत आम्ही 31 जुलैपर्यंत वाढवून देत आहोत. प्रत्येक टप्पा पूर्ण होताच त्याच दिवशी आपणांस कळवू.'

या पत्रात दिलगिरीचे वाक्य एकच आहे, आणि ते तारखेच्या नंतर आले आहे. ग्राहक पहिल्या दोन ओळींत जे शोधतो, ते त्याला तेथेच मिळते. टप्प्यांच्या तारखांचा लाभ तर दोघांनाही आहे. 5 मेला जोडकाम संपले नाही, तर ग्राहकाला ते 23 जूनच्या सात आठवडे आधी समजेल.

दिलगिरीने दायित्व वाढते काय?

चूक कागदावर कबूल करू नये, असा सल्ला व्यवहारी माणसे देतात. तो सर्वस्वी निराधार नाही. ज्या करारात नुकसानभरपाईला कमाल मर्यादा नाही, तेथे असे पत्र पाठविण्यापूर्वी वकिलास दाखवावे, हेच योग्य. परंतु येथे कपातीचा दर आणि मर्यादा करारातच ठरलेल्या आहेत. 28 दिवस म्हणजे चार आठवडे, दोन टक्के, 96 हजार रुपये. नकाशांचे 14 दिवस ग्राहकाने मान्य केले तर कपात 48 हजारांवर येते. स्वतःचे 14 दिवस सरळ स्वीकारणाऱ्याला दुसरे 14 दिवस मागण्याचा नैतिक अधिकार मिळतो. सगळेच नाकारणाऱ्याला तो मिळत नाही.

कायद्याची दृष्टीही लक्षात घ्यावी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 63 अन्वये मुदत वाढवून देण्याचा अधिकार ज्याला काम करून मिळायचे आहे त्याचा आहे. त्यामुळे नव्या तारखेचे पत्र ही घोषणा नसून विनंती आहे, आणि तिला लेखी उत्तर मिळेपर्यंत मूळ तारीखच कायम असते. कलम 55 नुसार, वेळ हा कराराचा गाभा असताना ग्राहकाने उशिरा झालेले काम स्वीकारले, तर स्वीकारतेवेळी सूचना दिल्याखेरीज त्याला त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणूनच अनेक ग्राहक 'कपातीचा हक्क राखून मुदतवाढ मंजूर' असे उत्तर देतात. त्यात वैरभाव शोधू नये. ग्राहकाने आपला हक्क जपलेला असतो, इतकेच.

बँकेच्या टेबलावरून

या पत्राचा तिसरा वाचक म्हणजे बँक, आणि नेमका तोच विसरला जातो. गॅरंटी 30 जूनला संपते आणि टाकी 23 जूनला पोहोचते. मध्ये जेमतेम सात दिवस उरतात. ग्राहकाला हे दिसल्यावाचून राहत नाही. उद्योजक हालचाल करीत नाही असे पाहून तो थेट बँकेला लिहितो: मुदत वाढवा, अन्यथा रक्कम द्या. गॅरंटी बिनशर्त असेल तर दोष कोणाचा याची चर्चा बँक करू शकत नाही. उघड फसवणूक वा भरून न येणारा अन्याय अशा विरळ प्रसंगांखेरीज न्यायालयेही अशी रक्कम रोखत नाहीत. मग 9 लाख 60 हजार रुपये उद्योजकाच्या खात्यावर नावे पडतात. तेही टाकी जवळपास तयार असताना.

गॅरंटीची मुदत उद्योजकाच्या पत्राने वाढत नाही. बँकेने दुरुस्तीपत्र दिले तरच वाढते. त्यासाठी अर्ज, कमिशन, आवश्यक मुद्रांक आणि मर्यादेतील शिल्लक यांची पूर्तता करावी लागते. ग्राहकाला 31 जुलै लिहिण्यापूर्वी शाखेत जाऊन बोलणे म्हणूनच अगत्याचे आहे. शिवाय बिलाचे पैसे महिनाभर पुढे जातील, अर्धवट टाकी तेवढा काळ मालसाठ्यात राहील, आणि कॅश क्रेडिट खात्यावर त्याचा ताण दिसेल. शाखा व्यवस्थापकाला हे एप्रिलमध्ये ग्राहकाच्या पत्राच्या प्रतीसह कळले, तर तो त्याची तजवीज सुचवू शकतो. जूनमध्ये खाते मर्यादेला टेकल्यावर कळले, तर त्याला आधी खुलासा मागावा लागतो. ग्राहकाला एक तारीख आणि बँकेला दुसरी, असे तर कधीच होऊ नये. हे दोन कागद कधी ना कधी एकाच फाईलमध्ये येतात.

शाखेतील अधिकाऱ्यांनाही यात करण्यासारखे काही आहे. गॅरंटीच्या नोंदवहीत मुदत संपण्याच्या दोन महिने आधी खातेदाराला एक प्रश्न विचारावा: काम ठरल्या वेळेत होत आहे ना? हा प्रश्न एप्रिलच्या अखेरीस विचारला गेला, तर 'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द जूनमध्ये कोणालाही लिहावे लागणार नाहीत.